गल्लीतल्या मेडिकलला जोखताना

औषध कसं आहे, हे डॉक्टरांनी बघावं. दुकानाबद्दल मत द्यायचं, तर बिलापासून सुरुवात करावी. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे त्यावर वेगळा जीएसटी लावलेला दिसला तर ती सरळ चूक. पंधरा गोळ्यांच्या पाकिटावर १८० रुपये छापलेत आणि तुम्ही दहाच घेतल्या, तर १२० रुपयांपेक्षा जास्त लागायला नकोत. बिलावरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पाकिटाशी ताडून बघा. ती जुळली नाही, तर नोंद दुसऱ्याच पाकिटाची झालेली असते. कापलेल्या पट्टीवर हा मजकूर राहिलाच नाही, तर ताडायला काहीच उरत नाही. म्हणून तो असलेला तुकडा मागून घ्यावा.

एखादी वस्तू नसणं हा माझ्या मते दोष नाही. ‘उद्या संध्याकाळी येईल’ म्हटल्यावर ती खरंच आली का, हे लिहा.

वागणुकीत मी एकच गोष्ट पाहते: गर्दीत चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं जातं, की ती हळूच पुढे घेऊन विचारतात?