ग्रुप म्यूट करा, पण तुमच्या नावाची हाक ऐकू येऊ द्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या पालकांची एक तक्रार नेहमीची आहे. "सर, मोबाइल सारखा वाजतो. ग्रुप म्यूट केला तर मालकाचा मेसेज चुकतो, नाही केला तर झोप होत नाही." यावर कोणी ग्रुप सोडून देतो, कोणी फोनच सायलेंटवर टाकतो. व्हॉट्सॲपमध्ये याची सोय आधीपासून आहे, फक्त ती नेमकी कशी चालते हे माहीत हवं.

म्यूट करणं सोपं आहे. ग्रुप उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, `Mute notifications` निवडा. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टॅप केलं की तिथे ही सोय दिसते. पुढे `8 hours`, `1 week` आणि `Always` असे तीन पर्याय येतात. तुम्ही म्यूट केलंय हे ग्रुपमधल्या कोणालाही कळत नाही. मेसेज येतच राहतात, आवाज मात्र होत नाही. पण दोन गोष्टींना अपवाद आहे. कोणी `@` लावून तुमचं नाव घेतलं, किंवा तुम्ही लिहिलेल्या मेसेजलाच उत्तर दिलं, तर म्यूट असूनही सूचना येते.

आता रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या एका कामगाराचं उदाहरण घेऊ. त्यांना सलीमभाई म्हणू. युनिटचा ग्रुप त्यांनी `Always` म्यूट केलाय. सुपरवायझरने लिहिलं, "सलीमभाई, आज लवकर या." फोन वाजणार नाही, कारण नुसतं नाव लिहिलं की ते व्हॉट्सॲपच्या दृष्टीने साधं वाक्यच असतं. सुपरवायझरने आधी `@` टाइप करायला हवं, मग जी नावांची यादी येते तिच्यातून सलीमभाईंच्या नावावर बोट ठेवायला हवं. नाव वेगळ्या रंगात दिसलं म्हणजे काम झालं. हाताने `@` आणि पुढे नाव टाइप करून यादीतून निवडलंच नाही, तर तेही वाया जातं. बहुतेक ठिकाणी चुकतं ते इथेच, आणि लोक म्हणतात म्यूटमध्ये काहीच येत नाही.

उत्तराचंही तसंच. सलीमभाईंनी काल विचारलं होतं, "रविवारी सुट्टी मिळेल का?" सुपरवायझरने तो मेसेज उजवीकडे सरकवून खाली "हो" लिहिलं, तर सलीमभाईंना सूचना येईल. पण ग्रुपमध्ये मोकळंच "हो, मिळेल" लिहिलं तर येणार नाही. म्हणून युनिटच्या, शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये ही सवय सगळ्यांना लावावी लागते. तुम्ही एकट्याने म्यूट करून भागत नाही.

एक लक्षात ठेवा, दिवसा झोपलेल्या माणसाला `@` ची सूचनाही उठवेल. तेवढ्या वेळापुरता फोनचा `Do Not Disturb` लावावा.

अलीकडे ग्रुपच्या सूचनांसाठी `Highlights` असाही पर्याय आला आहे. त्यात `@`, तुम्हाला दिलेली उत्तरं आणि तुमच्या फोनमध्ये नंबर सेव्ह असलेल्यांचे मेसेज, एवढ्याचीच सूचना येते. शंभर जणांच्या युनिट ग्रुपमध्ये सुपरवायझर आणि दोन-चार सोबती सेव्ह असतील, तर हा पर्याय म्यूटपेक्षा बरा. खानदानाच्या ग्रुपमध्ये मात्र त्याचा काही उपयोग नाही, कारण तिथे मामू, खाला, फुप्पी सगळेच सेव्ह असतात आणि जुम्म्याच्या मुबारकबादचे फोटो तसेच वाजत राहतात! तिथे म्यूटच हवं.

या सोयीची खरी मर्यादा वेगळी आहे. जनाज्याची वेळ, अचानक पाणी बंद, उद्या युनिट बंद, अशा खबरा कोणा एकाच्या नावाने येत नाहीत. म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये त्या गुपचूप येऊन पडतात आणि माणूस मय्यतीला पोहोचत नाही. यावर उपाय ॲडमिनच्या हातात आहे. अशा खबरांसाठी वेगळा ग्रुप करून त्याच्या सेटिंगमध्ये मेसेज फक्त ॲडमिनने पाठवायचे असं ठरवता येतं. तिथे गप्पा होत नाहीत, म्हणून तो कोणाला म्यूट करावासाही वाटत नाही.

सगळं बरोबर करूनही `@` ची सूचना येत नसेल, तर दोष बहुधा फोनच्या सेटिंगमध्ये असतो. अँड्रॉइडवर फोनच्या सेटिंगमधून ॲप्स, त्यात व्हॉट्सॲप आणि मग नोटिफिकेशन्स उघडा. तिथे ग्रुपच्या सूचना पूर्ण बंद असतील, तर व्हॉट्सॲपच्या आतलं कोणतंही बटण काम करणार नाही. तपासायचं असेल तर घरातल्याच कोणाला तरी म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये आधी साधा मेसेज टाकायला सांगा, मग यादीतून नाव निवडून दुसरा. पहिल्याला फोन गप्प राहिला आणि दुसऱ्याला वाजला, तर सेटिंग बरोबर आहे.