कांगड्याचे मीठ

1956 साली कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू झाला. त्यात औषध नव्हते, इंजेक्शन नव्हते, होते फक्त मीठ. कांगडा तेव्हा पंजाबात होता, आता हिमाचल प्रदेशात आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे एक लाख वस्तीचे तीन विभाग पाडले. एका विभागात पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ पोचवायचे, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेट मिसळलेले आणि मधल्या विभागात नेहमीचे, काहीही न मिसळलेले. मीठ राजस्थानातल्या सांभर सरोवराचे होते.

हा खटाटोप गलगंडासाठी होता. खोऱ्यात शंभरातल्या जवळपास चाळीस जणांना कमीअधिक गलगंड होता. गलगंड म्हणजे गळ्यावर आलेली सूज. कुणाची ती फक्त बोटांना लागते, तर कुणाची लिंबाएवढी किंवा संत्र्याएवढी होऊन लांबूनही दिसते. हा रोग कुणी पाण्याच्या माथी मारत असे, कुणी अस्वच्छतेच्या. रामलिंगस्वामींचा संशय मात्र जमिनीवर होता. हिमनद्या, उतारावरचा पाऊस आणि पूर हजारो वर्षे माती धुऊन नेत असतील, तर त्या मातीत आयोडीन उरणार कुठून? मातीत नाही म्हणून धान्यात नाही, चाऱ्यात नाही म्हणून दुधात नाही. बाहेरचे अन्न क्वचितच खाणाऱ्या माणसाला मग ते मिळायला वाटच राहत नाही.

आयोडीनवाचून इतके काय अडते? कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला बिलगून थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम 15 ते 20 ग्रॅम. शरीराने ऊर्जा किती वेगाने वापरायची, हृदयाची गती किती ठेवायची, मुलांची हाडे आणि मेंदू कसे वाढवायचे, यावर तिच्या संप्रेरकाचा अंमल चालतो. या संप्रेरकाचे नाव थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि वजनाने पाहिले तर त्याचा जवळपास दोन-तृतीयांश भाग निव्वळ आयोडीनच असतो. मिठाशिवाय आमटी अळणी का होईना, पण होते. आयोडीनशिवाय थायरॉक्सिन होतच नाही.

ग्रंथीतले काम टप्प्याटप्प्याने चालते. रक्तात आयोडीन फार विरळ असते, म्हणून ग्रंथीच्या पेशी ते पंपाने खेचावे तसे आत ओढून घेतात आणि रक्तातल्यापेक्षा वीस-तीस पट दाट करून ठेवतात. आत थायरोग्लोब्युलिन नावाचे मोठे प्रथिन तयार असते. त्याच्या लांब साखळीत टायरोसिन या अमिनो आम्लाचे मणी ओवलेले असतात. एक विकर आयोडीनचे अणू त्या मण्यांना चिकटवते, कुठे एक, कुठे दोन. मग शेजारचे दोन मणी जोडले जातात. दोन आणि दोन मिळून चार आयोडीनचे थायरॉक्सिन, म्हणजे रक्ततपासणीच्या कागदावरचे टी-4. एक आणि दोन मिळून टी-3. हा तयार माल साखळीतच अडकवून साठवलेला असतो आणि लागेल तसा तोडून रक्तात सोडला जातो. हा साठा दोन-तीन महिने पुरतो, त्यामुळे चार दिवस आयोडीन पोटात गेले नाही तर काही बिघडत नाही.

बिघडते ते वर्षानुवर्षे तुटवडा राहिला की. थायरॉक्सिन कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडते. त्याचा निरोप एकच: काम वाढव. मग थायरॉइडच्या पेशी मोठ्या होतात, त्यांची संख्या वाढते, आयोडीन खेचणारे पंपही वाढतात. रक्तातून जाणारा आयोडीनचा एकेक कण पकडण्यासाठी ग्रंथी आपले जाळे पसरत जाते. गळ्यावर दिसणारी सूज ती हीच. म्हणजे गलगंड हा मुळात ग्रंथीच्या आळसाचा नव्हे, तर तिच्या जादा मेहनतीचा पुरावा. ही मेहनत पुष्कळदा फळतेही. मोठा गलगंड असलेल्या कित्येकांच्या रक्तात संप्रेरक पुरेसे सापडते.

ग्रंथी खरोखर भुकेली आहे, हे कांगड्यात दाखवताही आले. गलगंड असलेल्यांना किरणोत्सारी आयोडीनची अगदी थोडी मात्रा दिली, तेव्हा ग्रंथीने त्यातला मोठा हिस्सा चटकन खेचून घेतला. त्यांच्या लघवीतून मात्र आयोडीन नाममात्रच बाहेर पडत होते.

1962 मध्ये पुन्हा गळे तपासले गेले. अशा तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. डॉक्टर मुलाच्या मानेवर बोटे ठेवून ग्रंथीच्या दोन्ही बाजू चाचपतात. बाजू त्या मुलाच्याच अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठी लागली तर तो गलगंड. आयोडीनचे मीठ मिळालेल्या दोन्ही विभागांत प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. मधल्या विभागात ते होते तिथेच होते. सहा वर्षे एका विभागाला साधे मीठच देत राहण्याला आज कोणती नीतिसमिती परवानगी देईल, हा प्रश्न उरतोच. पुढे त्या विभागालाही आयोडीनचे मीठ मिळाले आणि तिथलेही गलगंड कमी झाले. त्याच 1962 साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

मिठाला सगळेच गलगंड दाद देत नाहीत. मुलांची मऊ, एकसारखी सूज उतरते. वीस-तीस वर्षांच्या जुन्या गलगंडात गाठी झालेल्या असतात, त्या विरघळत नाहीत. उलट अशा गाठी कधी कधी पियुषिकेला जुमानत नाहीत आणि अचानक भरपूर आयोडीन मिळाले की बेसुमार संप्रेरक बनवू लागतात. शिवाय आज शहरात दिसणारी थायरॉइडची बरीच दुखणी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यामुळे होतात. त्यांवर जादा मीठ हा उपाय नाही.

आता आपल्याकडचा एक ठाम समज. मिठागरातले खडे मीठ समुद्राचे, म्हणजे त्यात आयोडीन असणारच! हिशेब करून पाहू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन साधारण 60 मायक्रोग्रॅम. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, तरी दिवसाच्या दहा ग्रॅम मिठातून 17 मायक्रोग्रॅम मिळतील. मोठ्या माणसाची रोजची गरज आहे 150 मायक्रोग्रॅम. त्यातही मिठाचे स्फटिक बनताना बरेचसे आयोडीन मागच्या पाण्यातच राहून जाते. म्हणून आयोडीन वरून मिसळावे लागते. भारतात त्यासाठी आयोडेट वापरतात, कारण आपल्या दमट हवेत आयोडाइडमधले आयोडीन उडून जाते. घरापर्यंत पोचलेल्या मिठात दर किलोला किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. दहा ग्रॅम मिठाला ते बरोबर 150 मायक्रोग्रॅम होते.

उपासाचे सैंधव हल्ली रोजच्या स्वयंपाकातही आले आहे. जमिनीतून खणून काढलेल्या या मिठात आयोडीन नगण्य असते. घरात गरोदर बाई असेल तर याकडे खास लक्ष हवे. तिची गरज वाढून 250 मायक्रोग्रॅम झालेली असते आणि पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड चालू झालेली नसल्याने त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर चालते. तुटवडा फार असेल तर मूल बहिरे-मुके किंवा मतिमंद जन्माला येऊ शकते, आणि ते नुकसान नंतर कितीही आयोडीन दिले तरी भरून निघत नाही. तेव्हा सैंधव उपासापुरते ठेवावे. रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच घालावे आणि त्याची बरणी घट्ट झाकून, शेगडीपासून दूर ठेवावी.