शेड विकली, दलाली केव्हा द्यायची?

आपल्या व्यापारी भावांत दलाली ठरते ती चहाच्या टपरीवर, तोंडी. टक्का ठरतो, तो केव्हा द्यायचा, हे कोणी बोलत नाही. भिवंडीतली आमची लूमची शेड विकायला काढली तेव्हा आम्हीही तेच केले. किंमत 24 लाख, दलाली 2 टक्के, जो गिऱ्हाईक आणील त्याची, असे तिघा दलालांना सांगून मोकळे झालो.

हा खुला सौदा. स्वतः गिऱ्हाईक आणले तर दलाली वाचते, ही त्याची खुबी. पण झाले असे, की एका दलालाने गिऱ्हाइकाला शेड दाखवली आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्याने त्याच गिऱ्हाइकाशी 22 लाखांवर भाव जुळवला. बयाण्याच्या दिवशी दोघेही हजर! प्रत्येकाला 44 हजार हवे होते. पहिल्याला कसेबसे परत पाठवले. दुसऱ्याने आलेल्या बयाण्यातूनच निम्मी दलाली, 22 हजार, उचलली. पुढे गिऱ्हाइकाचे बँकेचे कर्ज मंजूर झाले नाही. बयाणा आम्ही पूर्ण परत केला. 22 हजार मात्र आले नाहीत. दलालाचे म्हणणे, "शेठ, मी गिऱ्हाईक आणले, माझे काम झाले."

1872 च्या करार कायद्याचे कलम 219 सांगते, की वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत एजंटाचा मोबदला देणे लागत नाही. पण काम कोणते? गिऱ्हाईक आणणे, की खरेदीखत? कागदावर ते लिहिले नसेल तर भांडण तिथेच सुरू होते.

दुसऱ्या वेळी आम्ही एकाच दलालाला 90 दिवसांसाठी शेड दिली, लेखी. दुसरा कोणी आपले गिऱ्हाईक पळवणार नाही, या भरवशावर त्याने फलक लावला, जाहिरात स्वतःच्या खर्चाने दिली. मालकाने स्वतः विकली तरी पूर्ण दलाली, अशी त्याची मागणी होती. आम्ही आमच्या ओळखीच्या चार जणांची नावे कागदात लिहिली. त्यांना विकली तर निम्मी. मुदतीनंतर दोन महिन्यांत त्याने दाखवलेल्या गिऱ्हाइकाने घेतली तर दलाली त्याचीच, पण अशा गिऱ्हाइकांची यादी त्याने मुदत संपताना द्यायची. मुदतीची तारीख मात्र नक्की लिहावी. मुदत ठरवून मध्येच सबळ कारणाशिवाय दलाल काढला, तर कलम 205 प्रमाणे भरपाई द्यावी लागते.

दलालीचा चौथा हिस्सा साठेखत नोंदल्यावर, बाकी खरेदीखतावर. गिऱ्हाईक फिरले आणि बयाणा परत करावा लागला, तर तो हिस्साही परत.

एकाहत्तराव्या दिवशी 21 लाख 75 हजारांवर सौदा ठरला. दलाली 43,500. साठेखताला 10,875 दिले होते. राहिलेले 32,625 सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत सह्या झाल्यावर चेकने दिले आणि पावती घेतली.