सहा जूनपर्यंत शेततळं होईल का?

शक्यतेचा हिशेब : लेखांक सातवा

मे महिन्यात जत, कवठे महांकाळ, आटपाडी किंवा पलीकडे साताऱ्यातल्या माण-खटावकडे गेलात, तर कुठे ना कुठे शेततळ्याची खोदाई चाललेली दिसतेच. राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ची. पण द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांनी तळी त्याआधीपासूनच खोदायला घेतली होती. या कामाला एक मुदत असते आणि ती कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते. मृग लागला, पाऊस झाला, पेरण्या सुरू झाल्या की पोकलेनला शेतात जायला वाट राहत नाही. सात जूनच्या आत काम उरकायचं, असा सगळ्यांचाच हिशेब असतो.

२०१६च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. तिलाही पंचेचाळीस दिवसांची मुदत होती आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला. मात्र त्या कामाचं स्वरूप निराळं होतं. मुदत संपेपर्यंत दहाऐवजी आठ बांध झाले, तर आठ बांधांमागे तरी पाणी अडतंच. शेततळ्याचं तसं नाही. जत किंवा माणच्या मुरमात कागद न अंथरलेल्या खड्ड्यात पाणी टिकत नाही. वर पहिल्याच पावसाने गाळ उतरला, तर तो काढून आणि बाजू सुकवून पुन्हा सुरुवात करावी लागते. नव्वद टक्के झालेलं शेततळं त्या हंगामापुरतं न झाल्यासारखंच. म्हणून इथे ‘किती दिवस लागतील’ यापेक्षा ‘वेळेत होण्याची शक्यता किती’ हा प्रश्न महत्त्वाचा.

एक नमुना घेऊ. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल तळं. बाजूंना उतार धरला तर साधारण २,२०० घनमीटर माती निघते. कामं पाच. प्रत्येक कामाला एक फासा देऊ आणि फाशाच्या सहा बाजूंवर त्या कामाला लागू शकणारे दिवस लिहू. जो आकडा जास्त वेळा घडतो, तो जास्त बाजूंवर लिहायचा. हे आकडे नमुन्यापुरते माझे आहेत, तुमच्या शिवारातले वेगळे असतील.

पोकलेन ठरवल्यापासून ते शेतात येईपर्यंत : २, ३, ३, ४, ५, ८. मे महिन्यात यंत्र एक आणि गिऱ्हाइकं अनेक, म्हणून तो आठ. खोदाई : ६, ७, ७, ८, १०, १२. खाली कठीण मुरूम किंवा कातळ लागला आणि ब्रेकर आणावा लागला, की दहा-बारा दिवस जातात. भराव चोपून बाजू गुळगुळीत करणं : ३, ४, ४, ५, ६, ७. या कामात घाई केली तर एखादा टोकदार दगड राहून जातो आणि पुढे कागद तिथेच फाटतो. चौथं काम कागद मागवणं. पाचशे मायक्रॉनचा कागद पहिल्याच दिवशी सांगून ठेवला, तर तो हाती यायला १२, १४, १४, १५, १७ किंवा २० दिवस. हे काम खोदाईच्या जोडीनेच चालू असतं. शेवटी कागद अंथरून जोड वितळवून चिकटवणं आणि कडा चरात गाडणं : २, ३, ३, ३, ४, ५.

आता कुणालाही विचारा, तो नेहमीचा आकडा सांगेल. यंत्र तीन दिवसांत येतं, खोदाईला सात, भरावाला चार, असे चौदा. कागदही चौदा दिवसांतच येतो. जोडणीला तीन. एकूण सतरा. २१ मेला सुरुवात केली की ६ जूनला तळं तयार, ७ला मृग. प्रत्येक आकडा प्रामाणिक आहे, कुणीही फुगवून किंवा कमी करून सांगितलेला नाही.

पाचही फासे एकदा टाका. पहिल्या तिन्हींची बेरीज करा. ती बेरीज आणि कागदाचा फासा यांत जो आकडा मोठा असेल तो घ्या आणि त्यात जोडणीचे दिवस मिळवा. हा झाला एक काल्पनिक उन्हाळा. असे खूप उन्हाळे काढायचे आणि त्यांतले किती सतरा किंवा त्याहून कमी दिवसांत संपले ते मोजायचं. हाताने हे कंटाळवाणं होतं. संगणकावरच्या तक्त्यात एका ओळीत होतं. A2 या घरात पहिला फासा असा :

```
=CHOOSE(RANDBETWEEN(1,6),2,3,3,4,5,8)
```

B2 ते E2 मध्ये बाकीचे चार फासे याच पद्धतीने. मग F2 मध्ये एकूण दिवस आणि बाजूच्या एखाद्या रिकाम्या घरात मोजणी :

```
=MAX(A2+B2+C2,D2)+E2
=COUNTIF(F2:F10001,"<=17")/10000
```

दुसरी ओळ दहा हजार एकपर्यंत खाली ओढली, की दहा हजार उन्हाळे तयार. उत्तर येतं सुमारे ०.०९. वेळेत होण्याची शक्यता अवघी नऊ टक्के.

मला वाटतं, या पद्धतीची खरी किंमत या नऊ टक्क्यांपेक्षा ते नऊ कुठून आले यात आहे. त्यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण फाशांवरच दिसतं. खोदाई सातच्या जागी सहा दिवसांत होईल, फार तर एक दिवस वाचेल. पण उशीर झाला तर पाच दिवसांचा होतो. प्रत्येक कामात वाचण्यासारखं थोडं आणि घालवण्यासारखं भरपूर. ‘नेहमीचे’ आकडे मिळवून सतरा येतात, पण यंत्र, खोदाई, भराव आणि जोडणी यांच्या सरासऱ्या मिळवल्या तर पावणेएकवीसच्या जवळ जातात. कागदाचा प्रश्नच नाही, तो घरात येऊन पडलाय असं धरलं, तरी सतरा दिवसांत संपण्याची शक्यता १८ टक्क्यांवर येते.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. कागद आणि खोदाई या दोन वाटा जोडणीपाशी येऊन मिळतात आणि जोडणीला दोन्ही लागतात. यंत्राने वेळ साधली पण कागद आला नाही, तर थांबायचं. कागद आला पण खड्डा तयार नाही, तरीही थांबायचं. एकाचं लवकर होणं वाया जातं, उशीर मात्र कुणाचाही असो, भोगावाच लागतो. त्यामुळे १८चे ९ झाले. अमेरिकी नौदलाने १९५८मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी बनवलेली प्रसिद्ध ‘पर्ट’ पद्धत इथेच उणी पडते. ती सर्वांत लांब वाट निवडते, तिच्या सरासऱ्या मिळवते आणि जोडीच्या वाटेने होणारा उशीर सोडून देते. तिचा अंदाज म्हणून नेहमी आशावादी बाजूला झुकतो. रिचर्ड व्हॅन स्लाइक यांनी १९६३ मध्ये याच प्रश्नावर मॉन्टे कार्लो, म्हणजे फासे टाकण्याची ही रीत लावून दाखवली. ती रीत स्टॅनिस्लाव उलाम यांना १९४६मध्ये आजारपणात पत्ते लावता लावता सुचली होती.

मोजणीच्या सूत्रातला १७ बदलून बघा. एकवीस दिवसांत पन्नास टक्के, तेवीसमध्ये ७६, पंचवीसमध्ये ९२. आता बोलणं कामाचं होतं. शेतकरी ठरवू शकतो, दहातलं एक वर्ष फसलं तरी चालेल, मग पंचवीस दिवस हातात ठेवायचे.

पण पंचवीसवर थांबू नका, कारण आपण वळीव विसरलो. आपण पाच फासे एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे टाकले. प्रत्यक्षात एक जोराचा वळीव झाला, की खोदाई थांबते, भराव चिकट होतो, ओल्या बाजूंवर जोडही धरत नाही. तिन्ही कामं एकदम लांबतात. म्हणून पावसाचा एकच फासा सगळ्यांना मिळून टाकायचा. पाच किंवा सहा पडला तर खोदाईला दोन, भरावाला एक आणि जोडणीला एक दिवस जास्त. G2 मध्ये हा फासा आणि F2 चं सूत्र नवं :

```
=IF(RANDBETWEEN(1,6)>=5,1,0)
=MAX(A2+B2+C2+3*G2,D2)+E2+G2
```

पंचवीस दिवसांचे ९२ टक्के आता ८१वर येतात. पुन्हा ९२ हवे असतील तर सत्तावीस दिवस लागतात, म्हणजे २१ नव्हे, ११ मेला सुरुवात. प्रत्येक कामाला पावसाचा वेगळा फासा दिला असता, तर तिन्ही एकदम बिघडलेले उन्हाळे फार थोडे दिसले असते आणि आकडा उगाच गोड आला असता. या प्रकारच्या हिशेबात सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

तारीख मागे नेता येत नसेल, तर कुठे जोर लावायचा तेही यातून कळतं. वळीव बाजूला ठेवून पहिल्याच तक्त्यात तेवीस दिवसांची मुदत घ्या. कागद आधीच आणून ठेवला तर ७६चे ८० होतात. त्याऐवजी पोकलेनवाल्याला बयाणा देऊन यंत्र तिसऱ्या दिवशी नक्की येईल असं केलं, तर ७६चे ८७. म्हणजे कागदासाठी कंपनीला रोज फोन करण्यापेक्षा बयाण्याचे पैसे जास्त उपयोगी पडतात.

ओळी कमी घेतल्या तर आकडा डुलतो. पन्नासच उन्हाळे काढले तर नऊच्या जागी कधी चार, कधी सोळा टक्के दिसतील. तक्ता पुन्हा मोजायला लावा. उत्तर ठळकपणे हललं तर ओळी वाढवा. दहा हजारांत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपासच हलतं.

पण कितीही ओळी घेतल्या, तरी चुकीच्या फाशाचं उत्तर चुकीचंच येणार. आणि फासे चुकतात ते प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे. ‘खोदाईला किती दिवस लागतील?’ असं ऑपरेटरला विचारलं, तर तो सात म्हणेल, कारण त्याला चांगला गेलेला दिवस आठवतो. त्याऐवजी ‘मागची सहा तळी कुठे खोदली आणि प्रत्येकाला किती दिवस लागले?’ असं विचारा. मग त्याला कातळ लागलेलं तळंही आठवतं, होस पाइप फुटून यंत्र दोन दिवस उभं राहिलेलंही आठवतं. ते सहा आकडे जसेच्या तसे फाशावर लिहा.

आणि तळं झालं की प्रत्येक कामाचे खरे दिवस फाशांशेजारी मांडून ठेवा. गावातल्या चार-पाच तळ्यांचे आकडे जमले आणि त्यांतले बहुतेक वरच्या दोन बाजूंवर किंवा फाशाच्याही बाहेर पडले, तर नशीब वाईट म्हणून सोडून देऊ नका. फासा खोटा होता, तो बदलायचा.