एका मुसळधार दिवसाची करामत

समजा, दहा दिवसांच्या पावसाचा अंदाज तपासायचा आहे. नऊ दिवस 10, 20 किंवा 30 मिलिमीटर पाऊस पडला, प्रत्येकी तीन दिवस, आणि अंदाज रोज 10 मिलिमीटरने चुकला. दहाव्या दिवशी 200 मिलिमीटर कोसळला. अंदाज होता 90.

चुकांची साधी सरासरी, म्हणजे एमएई, नऊ दिवसांपुरती 10 होती. ती 20 झाली. आरएमएसईमध्ये आधी चुकांचे वर्ग करतात, मग त्यांच्या सरासरीचं वर्गमूळ काढतात. तीही 10 होती, पण 110 च्या वर्गामुळे थेट 36 झाली.

आर-स्क्वेअर्डचं मात्र उलटंच. रोज सरासरीच पाऊस पडेल असं म्हटलं असतं, त्यापेक्षा अंदाज किती सरस, हे तो सांगतो. नऊ दिवसांसाठी तो उणे 0.5, म्हणजे अंदाज सरासरीपेक्षाही वाईट! दहावा दिवस धरताच तो 0.56 होतो. अंदाज सुधारला नाही; त्या एका दिवसाने पावसातला एकूण चढउतारच प्रचंड वाढवला. म्हणून एकटा आर-स्क्वेअर्ड छापणं मला धोक्याचं वाटतं.

मग सांगायचं काय? 200 हा आकडा नोंदीतली चूक असेल, तर आधी ती दुरुस्त करावी. ते जमत नसेल, तर एमएई कमी फसवते. पाऊस खरा असेल, तर आरएमएसई हवीच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. पुराच्या इशाऱ्यासाठी असेच दिवस महत्त्वाचे असतात. शक्यतो दोन्ही आकडे द्यावेत. त्यांच्यात मोठी तफावत दिसली, की काही मोजक्या चुका फार मोठ्या आहेत, हे लगेच कळतं.