पट्टा छातीवर, पण अ‍ॅपमध्ये दिसत नाही

हृदयगती मोजणारा ब्लूटूथ पट्टा घरी आला की बहुतेक जण आधी फोनचं ब्लूटूथ सेटिंग उघडतात. हेडफोन जोडताना तेच करायची सवय असते. यादीत पट्ट्याचं नाव दिसतं, आपण त्यावर बोट ठेवतो, कधी जोडणी झाल्याचंही दिसतं. मग व्यायामाचं अ‍ॅप उघडावं तर तिथे ठोक्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा. पट्टा खराब निघाला म्हणून परत पाठवण्याआधी हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा.

हेडफोनचं नातं फोनशी असतं. एकदा जोडला की गाणं कुठल्याही अ‍ॅपमधून लावा, आवाज त्याच्यातूनच येतो. पट्ट्यात मात्र ब्लूटूथ लो एनर्जी हा वेगळा, कमी वीज खाणारा प्रकार वापरलेला असतो. 2010 साली ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीबरोबर तो आला आणि त्याच्यामुळेच एका नाण्याएवढ्या सेलवर पट्टा कित्येक महिने चालतो. इथे ठोक्यांचे आकडे ज्याला हवेत त्या अ‍ॅपनेच पट्टा शोधायचा आणि जोडून घ्यायचा असतो. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये पट्टा जोडला गेला असेल तर तो तिथून ‘Forget’ करून काढून टाका. ब्लूटूथ चालू ठेवा आणि पुढचं सगळं अ‍ॅपच्या आत, सेन्सर जोडायच्या पानावर करा.

त्याआधी पट्टा जागा हवा. त्याला बटण नसतं. आतल्या बाजूच्या दोन गुळगुळीत पट्ट्या, म्हणजे इलेक्ट्रोड, त्वचेला टेकल्या आणि त्यांच्यामधून विजेचा मार्ग पुरा झाला की तो सुरू होतो. कोरड्या त्वचेवर हे होतच नाही. पट्टा टेबलावर ठेवून अ‍ॅपमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रोड पाण्याने चांगले ओले करा, पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, सरकणार नाही इतपत घट्ट बांधा आणि मग अ‍ॅपमध्ये शोध सुरू करा.

अँड्रॉइड फोनवर इथे आणखी एक अडचण येते. अँड्रॉइड 11 आणि त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथचा शोध घ्यायला अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागते, आणि बहुधा फोनचं लोकेशनही चालू असावं लागतं. अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी ‘Nearby devices’ अशी वेगळी परवानगी आली. आयफोनवर iOS 13 पासून प्रत्येक अ‍ॅप ब्लूटूथसाठी स्वतंत्र विचारतं. पहिल्यांदा अ‍ॅप उघडताना घाईत ‘नाही’ म्हटलेलं असेल, तर अ‍ॅप पुढे कितीही शोधलं तरी रिकामी यादीच दाखवत राहतं.

एवढं सगळं करूनही पट्टा दिसत नसेल, तर सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण वेगळंच असतं: पट्टा आधीच दुसऱ्या कुणाशी तरी जोडला गेलेला असतो. आमच्या सायकल गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. त्यांचा पट्टा घरी फोनला सापडायचा नाही, पण रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी पहिल्या झटक्यात जोडला जायचा. त्यांनी सेल बदलला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन बंद करून चालू केला. मी घरी गेलो तेव्हा शेजारच्या खोलीत ट्रेनरवर चढवलेली सायकल दिसली आणि तिच्यासमोर टॅब्लेट. पावसाळ्यात घरातल्या घरात सायकल चालवायचं अ‍ॅप त्यावर तसंच उघडं होतं. ताईंनी पट्टा बांधला, तो जागा झाला, की ते अ‍ॅप ओळखीचा पट्टा लगेच पकडायचं. फोनची पाळी येईपर्यंत जागा भरलेली असायची.

जोडणीच्या शोधात असलेला पट्टा थोड्या थोड्या वेळाने ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश हवेत सोडत असतो. अ‍ॅपच्या यादीत दिसतो तो हाच. बऱ्याच जुन्या पट्ट्यांना ब्लूटूथवर एका वेळी एकच जोडणी चालते, आणि ती झाली की संदेश बंद. दुसऱ्या अ‍ॅपच्या दृष्टीने पट्टा तिथे नसतोच. पोलर एच10 सारखे नंतरचे पट्टे दोन जोडण्या घेतात, काही तीन. पण घड्याळ, सायकलवरचा कॉम्प्युटर, टॅब्लेट आणि फोन मोजले तर त्याही पुरत नाहीत.

खात्री करून घ्यायला नॉर्डिक सेमीकंडक्टर या कंपनीचं nRF Connect हे मोफत अ‍ॅप मी फोनवर ठेवलं आहे. स्कॅन केलं की आसपासची ब्लूटूथ उपकरणं यादीत येतात. ताईंच्या घरी यादीत त्यांचं घड्याळ होतं, टीव्ही होता, पट्टा नव्हता. टॅब्लेटवरचं अ‍ॅप पूर्ण बंद केलं आणि काही सेकंदांत पट्ट्याचं नाव वर आलं. नाव उघडलं की आत ‘Heart Rate’ अशी सेवा दिसते, आणि तिचे आकडे चालू केले की ठोके समोर बदलताना दिसतात. इथे आकडा दिसत असेल तर पट्टा ठणठणीत आहे आणि दोष व्यायामाच्या अ‍ॅपचा किंवा परवानगीचा आहे. पाहून झालं की इथली जोडणी आठवणीने तोडायची, नाहीतर आता हेच अ‍ॅप पट्टा अडवून बसतं.

जोडणी झाल्यावर येणाऱ्या तक्रारी दोन तऱ्हेच्या असतात आणि आलेखावरून त्या वेगळ्या ओळखता येतात. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं संथ पॅडल मारताना 190 दिसतं आणि घाम आल्यावर आकडा एकदम 115 वर येऊन स्थिरावतो, तर बहुतेक वेळा रेडिओत काही बिघाड नसतो. इलेक्ट्रोड कोरडे असतात, किंवा सिंथेटिक जर्सी घासून तयार झालेली स्थिर वीज मोजणीत घुसते. उलट, आकडे बरोबर आहेत पण रेघ मध्ये मध्ये तुटते, तर फोन कुठे ठेवला आहे ते पाहा. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. पट्टा पुढे आणि फोन जर्सीच्या मागच्या खिशात म्हणजे मध्ये अख्खं धड. घरात भिंतींवर आपटून लहरी वळसा घेऊन पोचतात, मोकळ्या रस्त्यावर तो मार्गही नसतो. फोन हँडलवर लावला की बहुधा प्रश्न मिटतो. पोहताना मात्र इलाज नाही, पाण्यातून हा सिग्नल जातच नाही.

सायकलचे सेन्सरही असेच अ‍ॅपच्या आतून जोडायचे. फरक जागं करण्यात आहे: कॅडेन्सचा सेन्सर क्रँकवर असतो, पॅडल काही वेळा फिरवलं की तो उठतो, वेगाचा हबवर असतो, त्यासाठी चाक फिरवावं लागतं. विकत घेण्याआधी अ‍ॅप कोणते सेन्सर घेतं ते पाहून ठेवा. स्ट्राव्हाने 2019 मध्ये फोन अ‍ॅपमधली सेन्सरची सोय काढून टाकली होती, पुढच्या वर्षी परत आणली ती हृदयगतीच्या पट्ट्यापुरती.

वेगाचा सेन्सर मुळात चाकाचे फेरेच मोजतो. त्यांचं अंतर अ‍ॅप करतं, तुम्ही दिलेल्या चाकाच्या घेरावरून. रोडबाइकच्या 700×25 टायरचा घेर साधारण 2105 मिलिमीटर धरतात. तोच आकडा 26 इंची एमटीबीवर तसाच राहिला आणि तिचा खरा घेर 2050 असेल, तर 40 किलोमीटरच्या फेरीला अ‍ॅप 41 दाखवेल. घेर घरीच मोजता येतो. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह जमिनीकडे आणून फरशीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून ती सरळ पुढे ढकला आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये अ‍ॅपमध्ये भरा, आणि टायर बदलला की पुन्हा मोजा.