पहिल्या परिच्छेदात तालुका हवा

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर रोज प्रेसनोटचा ढीग येतो. सत्कार, शिबिरे, निवडी, उद्‌घाटने आणि त्यातच कुठेतरी एखाद्या नव्या कंपनीचे पहिले उत्पादन. उपसंपादक प्रत्येक पत्राचा इंट्रो, म्हणजे पहिला परिच्छेद, वाचतो आणि तिथेच ठरवतो की ही बातमी आहे की जाहिरात. पुढचे पान वाचले जाईल की नाही, हे त्या चार ओळींवर अवलंबून असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. निफाडच्या तीन अभियंत्यांनी द्राक्षबागेसाठी एक उपकरण बनवले आहे. पाने किती तास ओली राहिली हे ते मोजते. केवड्याची बुरशी पानावरच्या पाण्याच्या थरातून आत शिरते, म्हणून ओलाव्याचे तास वाढले की शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना येते. अशा कंपनीची पहिली प्रेसनोट साधारण अशी सुरू होते :

‘नावीन्याचा ध्यास घेतलेल्या आणि शेतकऱ्यांच्या जीवनात क्रांती घडवण्यासाठी कटिबद्ध असलेल्या आमच्या स्टार्टअपला देशातील पहिले अत्याधुनिक उपकरण सादर करताना अत्यंत आनंद होत आहे.’

यात वस्तू काय करते, हेच कळत नाही. कुठे मिळते, केवढ्याला मिळते, हेही नाही. ‘आम्ही’ असल्यामुळे डेस्कला वाक्य मोडून पुन्हा लिहावे लागते. ‘देशातील पहिले’ हा दावा तपासायला डेस्ककडे ना वेळ असतो ना साधन. दावा खोटा निघाला तर नाव वृत्तपत्राचे जाते, म्हणून तो शब्द बहुधा पहिल्यांदा उडतो. तो उडाल्यावर या परिच्छेदात उरतो फक्त आनंद, आणि असे पत्र जाहिरात विभागाकडे वळते.

आता तोच मजकूर बातमी म्हणून लिहू :

‘निफाड : द्राक्षाची पाने किती तास ओली राहिली हे मोजून केवड्याच्या धोक्याची सूचना मोबाइलवर देणारे उपकरण येथील तीन तरुण अभियंत्यांनी तयार केले आहे. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर, १५ सप्टेंबरपासून, ते विक्रीस येईल. गेल्या हंगामात तालुक्यातील १२ बागांमध्ये त्याची चाचणी झाली. एका उपकरणाची किंमत १४ हजार रुपये आहे.’

साधारण पन्नास शब्द. पहिल्या वाक्यात कंपनी शेवटी आली आणि उपयोग आधी आला, कारण वाचक बागाईतदार आहे, गुंतवणूकदार नव्हे. छाटणीचा उल्लेख केल्याने ही बातमी आजच का लावायची, याचे उत्तर मिळाले. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. बाकी सगळे कापले आणि एवढाच परिच्छेद सिंगल कॉलममध्ये लागला, तरी वाचकाला काही कमी पडत नाही.

‘धोक्याची सूचना देणारे’ हे शब्द मोजून वापरले आहेत. उपकरण रोग रोखत नाही. रोखायची ती फवारणी. ‘फवारणी निम्म्यावर आली’ असे लिहायचा मोह होतो, पण १२ बागांच्या एका हंगामावरून तसे सांगणे धाडसाचे आहे. सांगायचेच असेल तर कुठल्या बागेत किती फवारण्या वाचल्या, हे त्या शेतकऱ्याच्या नावानिशी दुसऱ्या परिच्छेदात द्यावे. बातमीदार त्याला फोन करून खातरजमा करू शकतो. स्टार्टअप म्हणून मिळालेली सरकारी मान्यताही खालीच बरी. ती कंपनीला मिळते, उपकरणाच्या दर्जाचे ते प्रमाणपत्र नव्हे. संस्थापकांचे शिक्षण आणि कंपनीची उद्दिष्टे यांचीही जागा शेवटीच.

हेच पत्र सांगलीच्या आवृत्तीला पाठवायचे असेल तर? अनेक जण ‘निफाड’ खोडून ‘तासगाव’ लिहितात. ते चूक आहे, कारण सुरुवातीचे गाव बातमी कुठे घडली ते सांगते, पेपर कुठे निघतो ते नव्हे. ‘निफाड’ तसेच ठेवावे आणि चाचणीच्या वाक्याऐवजी ‘तासगाव आणि मिरज तालुक्यांतील बागाईतदारांना हे उपकरण अमुक ठिकाणी पाहता येईल’ असे लिहावे. अर्थात तसे ठिकाण खरेच असेल तरच. तिथे विक्रेता नसेल, दुरुस्तीला माणूस नसेल, तर त्या जिल्ह्याला पत्र पाठवण्याची घाई करू नये. बातमी वाचून दहा फोन आले आणि ‘अजून तुमच्याकडे सुरू नाही’ असे सांगावे लागले, तर पुढच्या वेळी खरोखर विक्री सुरू झाल्याची प्रेसनोट गेली तरी डेस्कला ती शिळीच वाटेल.

पाठवताना परिच्छेद युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच चिकटवावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत उमटू शकतो, आणि संध्याकाळी पाने लावायच्या घाईत तो नव्याने टाइप करायला कोणी बसत नाही. खाली फोन उचलणाऱ्या माणसाचाच क्रमांक द्यावा. किंमत आणि तारीख पुन्हा विचारायला डेस्कवरून फोन येतो तो रात्री आठच्या सुमारासही.